काळे कुठे गेले? : संगणक आणि मराठीचा अकारविल्हे क्रम

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय तांत्रिक आहे. परंतु मला तो भेटला तो एका वाचनालयाच्या टेबलापाशी. एक गृहस्थ व. पु. काळे यांचे ‘पार्टनर’ मागत होते. वाचनालयाची सूची नुकतीच संगणकावर तयार होऊन छापून आली होती. ग्रंथपाल बाई अनुभवी. त्यांनी लेखकांच्या आडनावांचे पान उघडले, कावळे, काशीकर, कासार अशी नावे ओलांडली आणि जिथे काळे असायला हवेत तिथे बोट ठेवले. तिथे किर्लोस्कर होते. बाई म्हणाल्या, “आपल्याकडे नाही हो.” पुस्तक मात्र त्यांच्या पाठीमागच्या कपाटात उभे होते, आणि सूचीतही होते, फक्त एक पान अलीकडे, कालेलकरांच्या लगेच खाली.

चूक कोणाची? बाईंची नव्हे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो: श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. त्या क्रमाने कासारांनंतर काळे, हेच बरोबर. सूची करणाऱ्या मुलाचीही ती सरळ चूक नव्हती. त्याने संगणकाला ‘क्रम लाव’ एवढेच सांगितले. कोणत्या भाषेचा, हे सांगितले नाही.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक आहे. भाषा सांगितली नाही, तर बहुतेक आज्ञावल्या हे क्रमांकच लहान-मोठे पाहून शब्द मांडतात. आता गंमत अशी की देवनागरीच्या बाबतीत ही ओबडधोबड पद्धत बहुतांशी बरोबर उत्तर देते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आपल्याकडील इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे, आणि ते करणाऱ्यांनी वर्णमाला डोळ्यांपुढे ठेवली होती. स्वर आधी, मग क पासून ह पर्यंत व्यंजने, त्यानंतर काना, वेलांटी, उकार आदी चिन्हे आणि त्यांच्या नंतर हलन्ताचे चिन्ह. त्यामुळे ‘कमळ’ आधी, ‘काम’ नंतर, ‘किरण’ त्यानंतर, आणि ‘क्रम’ सारखी जोडाक्षरे कौ च्या पुढे, हे सारे काही न सांगता आपोआप साधते. पहिली पाने नीट दिसतात, आणि म्हणूनच तपासणारा फसतो.

मग ळ चे काय झाले? इस्कीचा तक्ता एका भाषेसाठी नव्हता. सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना एकच चौकट असावी, हा त्याचा हेतू. त्या चौकटीत ल वर्गातील अक्षरे शेजारी शेजारी बसवली गेली. ल चा क्रमांक 0932, ळ चा 0933, व चा 0935. म्हणून नुसत्या आकड्यांनी लावले तर क्रम होतो: कालेलकर, काळे, कावळे, काशीकर, कासार. मराठी क्रम हवा: कालेलकर, कावळे, काशीकर, कासार, काळे. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही. म्हणून हा दोष सूचीच्या ठळक अक्षरमथळ्यांत कधीच दिसत नाही, शब्दाच्या पोटात लपतो.

दुसरे स्थान क्ष आणि ज्ञ यांचे. संगणकाच्या लेखी क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही; क, हलन्त आणि ष अशी ती तीन चिन्हे. त्यामुळे क्षीरसागर ‘क’ च्या शेवटी, खरे यांच्या आधी येतात. शाळेच्या वर्णमालेप्रमाणे त्यांनी हर्डीकरांच्याही मागे असायला हवे. येथे मात्र मी संगणकाला दोष देणार नाही. क्ष ला क मध्ये घालणारी आणि शेवटी ठेवणारी अशा दोन्ही पद्धती कोशांत आढळतात. आपल्या संस्थेने कोणती स्वीकारली, हे सूचीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

तिसरा घोळ ॲ चा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, आणि तोवर मधल्या जागा भरल्या होत्या. म्हणून त्याला 0972 हा पार शेवटाकडचा क्रमांक आला. ‘ॲलोपॅथी’ असे नीट टंकले, तर विषयसूचीत तो शब्द ‘हृदयरोग’ च्याही खाली जातो. कोणी अ लिहून त्यावर चंद्र दिला, तर अ च्या साऱ्या शब्दांच्या शेवटी. कोणी जुन्या सवयीने ऍ टंकले, तर ए च्या अगोदर. एकच शब्द, तीन ठिकाणी, आणि पहिल्या दोन रूपांत तर डोळ्यांना फरकही दिसत नाही.

यावर उपाय उपलब्ध आहे आणि तो फुकट आहे. प्रत्येक भाषेच्या क्रमवारीचे नियम सीएलडीआर या सामाईक संग्रहात नोंदलेले आहेत. मराठीच्या नियमांत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ असे स्पष्ट सांगितले आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याला फक्त भाषेचे नाव द्यावे लागते:

```
yadi.sort()
yadi.sort(new Intl.Collator('mr').compare)
```

पहिली ओळ आकड्यांचा क्रम लावते, दुसरी मराठीचा. त्या `mr` च्या जागी हिंदीचे `hi` लिहून भागणार नाही. लिपी एकच असली तरी हिंदीच्या नियमांत ळ ला आपल्यासारखे वेगळे स्थान नाही. काळे पुन्हा कालेलकरांच्या शेजारी जाऊन बसतील. ॲ च्या तीन लेखनांना मात्र हे नियमही एक करत नाहीत. ती दुरुस्ती क्रम लावण्यापूर्वी ‘शोधा आणि बदला’ करून आपल्यालाच करावी लागते.

एक धोका सांगितला पाहिजे. मोठ्या संग्रहात संगणक प्रत्येक नोंद वाचत बसत नाही. आपण कोशात शब्द शोधताना मध्यावर पान उघडून पुढे की मागे ठरवतो, तसेच तो करतो. नोंदी एका क्रमाने लावलेल्या आणि शोध दुसऱ्या क्रमाने, असे झाले तर तोही त्या बाईंसारखाच “नाही” म्हणतो. २०१८ साली लिनक्सवरील glibc या मूलभूत संचाच्या 2.28 आवृत्तीत क्रमवारीचे नियम बदलले, तेव्हा जगभरच्या अनेक पोस्टग्रेस संग्रहांत जुन्या अनुक्रमण्या निकामी ठरल्या. खूण अशी की पूर्ण यादी काढली तर नाव दिसते आणि नेमके तेच नाव शोधले तर सापडत नाही. असे आढळले की अनुक्रमणी नव्याने बांधावी. नोंदी पुन्हा टंकण्याचा खटाटोप करू नये.

आपल्या सूचीची परीक्षा करायला संगणकतज्ज्ञ नको. काल, काळ, कावळा, काहूर हे चार शब्द भरा आणि क्रम लावायला सांगा. काळ शेवटी आला, तर मराठीचे नियम लागू आहेत. दुसरा आला, तर सूची छापायला देऊ नका. त्या वाचनालयाने पुढे हेच केले. नवी सूची येईपर्यंत बाईंनी जुन्या सूचीत कासारांच्या खाली पेन्सिलीने लिहून ठेवले होते: ‘काळे — मागील पान पाहा’.