तोच प्रश्न पुन्हा का येतो?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे प्रश्नोत्तरांची पानं लिहिणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. कार्यक्रम जवळ आला की आपल्या स्वयंसेवकांना चारच प्रश्न येतात: गाडी कुठे लावू, आत कसं सोडणार, पैसे परत मिळतील का आणि नेमकं किती वाजता? उत्तरं पानावर असतात, तरी फोन थांबत नाहीत. कारण उत्तर अर्धं असतं.

‘वेळ सायं. ६’ हेच घ्या. ६ ला दार उघडणार की भाषण सुरू होणार? शेवटची बस गाठायची असेल त्याला संपण्याची वेळ हवी असते. म्हणून असं लिहा: ‘दार ५.३० ला उघडेल. कार्यक्रम ६ ला सुरू होऊन ८.३० ला संपेल. उशीर झाला तरी मागच्या दाराने प्रवेश मिळेल.’

‘पार्किंगची सोय आहे’ या वाक्यामुळे चारचाकीवाले दारात येऊन अडकतात. समजा, आवारात फक्त ४० दुचाकी मावतात. मग तेच लिहा: ‘दुचाकी आवारात लावा. चारचाकीला जागा नाही. जवळचा सशुल्क वाहनतळ चालत ७ मिनिटांवर आहे. ज्येष्ठांना दारापाशी उतरवता येईल.’ शीर्षक मात्र ‘वाहनतळ व्यवस्था’ नको, ‘गाडी कुठे लावू?’ असं द्या. लोक पानावर स्वतःचेच शब्द शोधतात.

प्रवेशाचं उत्तर छोटं चालेल: मोबाईलवरचं तिकीट पुरेल का आणि लहान मुलाचं तिकीट लागेल का, एवढं सांगा.

सगळ्यात जास्त वाद परताव्यावरून होतात. ‘परतावा नियमानुसार’ म्हणजे काहीच न सांगणं. कधीपर्यंत, किती, कुठे आणि किती दिवसांत, ही चारही उत्तरं हवीत. तिकीट २०० रुपयांचं धरू: ‘१० तारखेला रात्री ११.५९ पर्यंत कळवल्यास पूर्ण २०० रुपये मिळतील. त्यानंतर परतावा नाही, पण तिकीट दुसऱ्याला देता येईल. कार्यक्रम आम्ही रद्द केला तर सर्वांना पूर्ण रक्कम मिळेल. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात ७ दिवसांत जातील.’ ‘१० तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ लिहू नका. ते ९ ची रात्र संपताना की १० ची, यावरच भांडण होतं.

वेळ बदलली की पोस्टरवर एक, ग्रुपवर दुसरी असं होतं. म्हणून तपशील फक्त पानावर ठेवा, बाकी सगळीकडे त्याची लिंक द्या आणि पानावर ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख टाका.

पान लावल्यावर येणारे प्रश्न वहीत टिपा आणि विचारणाऱ्याला पान वाचलं का ते विचारा. वाचूनही प्रश्न पडला असेल तर उत्तर दुरुस्त करा. वाचलंच नसेल तर लिंक त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. वेगळ्या अडचणी उरतीलच, त्यांच्यासाठी पानाच्या शेवटी एक फोन नंबर द्या.