भाव इनबॉक्समध्ये नको

इचोड्याच्या श्रोतेहो,

उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात आणि त्यांचे फोटो मोबाईलवर चढतात. फोटो बहुतेक चांगलेच असतात. गडबड होते ती खालच्या मजकुरात.

एक कल्पित पान घेऊ. वर परिचयात लिहिलंय : "शुद्ध, पारंपरिक, घरगुती चव! एकदा खाऊन बघाच!" काय विकता, कुठे, मागणी कशी द्यायची, यातलं काहीच नाही. इन्स्टाग्राम परिचयाला 150 अक्षरं देतं, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजल्या जातात. म्हणून विशेषणं काढून टाकायची. मी असं लिहीन : "उडीद-मुगाचे पापड, कुरडई, शेवया. इचोडा. किमान मागणी 1 किलो. व्हॉट्सॲपवर सांगा, सकाळी 10 ते संध्याकाळी 6." 'शुद्ध' गेलं, तरी कुणाचं काही अडलं नाही. पानाच्या नावाच्या रकान्यातही नुसतं घरातल्या बाईचं नाव नको, 'पापड-कुरडई इचोडा' असं हवं. शोधताना तोही रकाना पाहिला जातो.

आता फोटोखालचा मजकूर. जुना असा : "यम्मी कुरडया! मस्त ऑफर, लवकर करा, भाव इनबॉक्समध्ये." ऑफर कसली, कधीपर्यंत? भाव विचारायला लाजणारं गिऱ्हाईक तिथूनच परततं. नवा असा : "गव्हाच्या चिकाची कुरडई, अर्धा किलो 220 रुपये. मागणी 10 मेपर्यंत. 14 मेला इचोड्यात घरून न्यावी. बाहेरगावी पार्सलचा खर्च वेगळा." मजकूर 2,200 अक्षरांपर्यंत चालतो, पण स्क्रीनवर सुरुवातीच्या साधारण सव्वाशेच दिसतात, पुढचं 'आणखी'मागे जातं. म्हणून भाव आणि मुदत आधी. आजीची आठवण सांगायचीच असेल, तर नंतर.

आवाजाचं काय? सोमवारी मुलगी लिहिते, "गाईज, ट्राय करा ना!" बुधवारी सासूबाई सांगतात, "आमच्याकडे उत्तम माल मिळेल." वाचणाऱ्याला दोन दुकानं वाटतात. कुणीही लिहो, 'आम्ही' आणि 'तुम्ही' ठरवून टाका, पदार्थाचं नाव दर वेळी एकच ठेवा. आपल्याकडे तेलुगू वाचणारी गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्यासाठी शेवटी भाव आणि तारीख सांगणारी एक ओळ तेलुगूत लिहा. दोन्ही भाषांची सरमिसळ एका वाक्यात नको.

तपासणी सोपी आहे. परिचय आणि शेवटच्या नऊ फोटोंचा मजकूर एका कागदावर उतरवा आणि घरातल्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. कुठे आवाज बदलला, ते कान लगेच पकडतो. भाव लिहूनही लोक "भाव काय?" विचारत असतील, तर तो खूप खाली गेलाय. आणि हेही खरं, की वेळेवर माल न देणाऱ्या घराला चांगला मजकूर वाचवत नाही.

जुना मजकूर नंतरही बदलता येतो. तेव्हा आज घरी गेल्यावर मुदत संपलेली पहिली ऑफर शोधा आणि तिच्या सुरुवातीला लिहा : "ही मागणी संपली."