पाकिटावरचे ६५ टक्के

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत परसबागेच्या बियाण्याबद्दल केलेलं बोलणं)



परसबागेसाठी गटागटांत बियाण्याची पाकिटं आलीत. आज मी एकच पाकीट हातात घेते, भेंडीचं, १० ग्रॅमचं. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या असतात: किती जागेला पुरेल, कधी लावायचं आणि किती उगवेल. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट जागेची. काही पाकिटांवर ती लिहिलेलीच नसते, तेव्हा आपणच काढायची. खरिपात भेंडीला हेक्टरी साधारण ८ किलो बी लागतं. म्हणजे एका गुंठ्याला ८० ग्रॅम. मग १० ग्रॅमचं पाकीट किती जागेचं? गुंठ्याच्या आठव्या हिश्श्याचं, सुमारे १३० चौरस फुटांचं. घरामागच्या १३ फूट लांब, १० फूट रुंद तुकड्याला ते बसतं. कोणी म्हणालं की या एका पाकिटात गुंठाभर भेंडी होते, तर तो हिशेब जुळत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. भेंडीच्या पाकिटावर बहुतेक दोन हंगाम असतात: पावसाळ्यात जून-जुलै आणि उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी. भेंडीच्या बीला ऊब लागते. थंड मातीत ते पडून राहतं आणि सडतं. आपल्या यवतमाळकडे जानेवारीत रात्री चांगली थंडी असते, म्हणून उन्हाळी भेंडीला थंडी ओसरेपर्यंत थांबलेलं बरं. सांबाराचं याच्या उलट आहे. पाकिटावर ‘कोथिंबीर, वर्षभर’ असं छापलेलं असलं, तरी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती नीट उगवत नाही, आणि उगवली तरी लवकर फुलावर जाते. छापलेला महिना साऱ्या मुलखासाठी असतो, तो आपल्या गावच्या हवेशी ताडून पाहायचा.

आता तिसरी गोष्ट, जिच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पाकिटावर लिहिलंय, ‘उगवण किमान ६५ टक्के’. मागच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं होतं, ‘ताई, मंग शंभरातले पस्तीस दाणे खराबच देतात काय?’

तसं नाही. बियाणे कायदा १९६६ चा आहे. त्याखाली सरकारनं प्रत्येक पिकाला उगवणीची खालची हद्द ठरवून दिली आहे. भेंडीला ६५, मेथीला ७०, पालकाला ६०, सोयाबीनला ७० टक्के. त्याखालचं बी विकता येत नाही. कंपनी तीच हद्द छापते. आतलं बी ९० टक्के उगवणारं असलं तरी छापील आकडा ६५ च, आणि जेमतेम ६६ टक्के असलं तरी ६५ च. म्हणजे हा आकडा तुमच्या हातातल्या पाकिटाबद्दल फार काही सांगत नाही. ‘याच्या खाली नसावं’ एवढंच तो सांगतो.

शिवाय ही उगवण प्रयोगशाळेतली असते, बरोबर ओलावा आणि बरोबर ऊब देऊन मोजलेली. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडून वर पापडी धरली, बी खोल गेलं, किंवा मुंग्यांनी नेलं, तर आकडा खाली येतोच. म्हणून ‘१०० टक्के उगवण, हमखास’ असं लिहिलेलं पाकीट दिसलं, तर मी ते आधी बाजूला ठेवीन. किमान आकडा देणारा निदान कायद्याची भाषा बोलतो आहे.

मग पाकिटातल्या बीचं खरं कसं कळेल? तपासणीची तारीख पाहा. त्या तारखेपासून नऊ महिने लेबल ग्राह्य धरतात. पण नऊ महिन्यांत बी कुठे ठेवलं होतं, ते तारीख सांगत नाही. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली पडलेलं पाकीट तारखेत असूनही दमलेलं असू शकतं. तेव्हा सोयाबीनची करतो तशी घरची चाचणी करायची.

भेंडीच्या १० ग्रॅममध्ये साधारण १५० दाणे असतात. त्यातले शंभर चाचणीत कोण घालणार? म्हणून हे काम गटानं करायचं. एकाच लॉट नंबरची पाकिटं घेतलेल्या पाच जणींनी प्रत्येकी २० दाणे, न निवडता, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. पाणी शिंपडत राहायचं, पण निथळेल इतकं नाही. चौथ्या दिवसापासून पाहायचं आणि दहाव्या दिवशी मोजायचं. मूळ आणि कोंब दोन्ही धड असेल तोच दाणा उगवला म्हणायचा. मोड आलेले चांगले दाणे अलगद वाफ्यात लावता येतात, त्यामुळे बी वाया जात नाही.

समजा, पाच जणींचे आकडे आले १२, ९, १३, ११ आणि १०. बेरीज ५५. एकटीच्या २० पैकी ९ उगवले म्हणून दुकानदाराशी भांडू नका, वीस दाण्यांत नशिबाचा खेळ फार. पण शंभरातले ५५ हे ६५ पेक्षा बरंच खाली आहे, दुसऱ्यांदा शंभर दाणे लावून पाहावं. पुन्हा तसंच आलं, तर दोन कामं करायची.

पहिलं, पाकीट, पावती आणि शिल्लक बी जपून ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यायची. लॉट नंबर आणि चाचणीचे आकडे त्यात लिहायचे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या खूप तक्रारी झाल्या होत्या. पावती नसली तर बोलणं अवघड जातं.

दुसरं, पेरणी थांबवता येत नसेल तर टोबणी बदला. सरकी टोबता तशी भेंडी दोन फुटांच्या ओळीत फुटाफुटावर, एका जागी दोन दाणे टोबतो. उगवण ६५ टक्के असली तर शंभर जागांपैकी बारा रिकाम्या राहतील. ५५ असली तर वीस. तीन-तीन दाणे टोबले तर पुन्हा नऊवर येतं. पण मग १५० दाण्यांत पंचाहत्तर जागांऐवजी पन्नासच होतात, आणि पाकीट १०० चौरस फुटांचंच उरतं. उगवण कमी झाली की जागाही कमी होते, ती अशी.

एक जपायचं. बीला गुलाबी, लाल किंवा निळा रंग असेल तर त्याला औषध लावलेलं आहे. हाताळून झाल्यावर हात धुवा, उरलेलं बी पोरांच्या आणि कोंबड्यांच्या आवाक्यात ठेवू नका, खाण्यात तर घेऊच नका.

आता काही गट आपलं गावरान बी पाकिटात भरून एकमेकींना देत आहेत. त्या पाकिटावर ‘हमखास’ लिहू नका. असं लिहा: ‘भेंडी, गावरान. १० ग्रॅम. जागेवर दोन दाणे टोबल्यास सुमारे १३० चौरस फूट. जून-जुलै. १५ मे रोजी १०० पैकी ७२ दाणे उगवले.’ तारीख आणि आकडा आपल्या चाचणीचा टाकायचा. संकरित वाणाचं घरी धरलेलं बी त्यात भरू नका, पुढचं झाड आईसारखं निघेलच असं नसतं. आणि देवाणघेवाण सोडून दुकान मांडून विकायचं असेल, तर आधी कृषी विभागाचा बियाणे विक्री परवाना लागतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एका लॉटचे शंभर दाणे मोजून आणावेत. लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि आपला आकडा, एवढं वहीत लिहून आणलं की पुरे.