डॉक्टरांच्या ॲपला फोनबुक कशाला?

आपल्या संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण दिलं आहे. एक व्यक्ती घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारं ॲप फोनवर घेते. ॲप दोन गोष्टींसाठी संमती मागतं. एक, सल्ल्यासाठी लागणारी माहिती वापरायची. दुसरी, फोनमधली संपर्कयादी बघायची. ती दोन्हींना होकार देते. तरीही कायदा म्हणतो की सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही, म्हणून ही संमती सल्ल्यापुरतीच धरावी.

कायद्याचं संरक्षण हवंच. पण बोट टेकलं की यादी त्याच क्षणी निघून जाऊ शकते. म्हणून हा निवाडा आपल्याला स्वतः, परवानगी मागणाऱ्या चौकटीसमोर करता यायला हवा. असंच एक ॲप समजा हातात आहे. मी अँड्रॉइड फोन धरून बोलतो आहे.

ॲप उघडताच कॅमेरा आणि माइक मागितला. व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलायचं तर दोन्ही लागणारच. पण आत्ता कुठे बोलायचंय? मागणी रास्त आहे, वेळ चुकली आहे. आत्ता नकार द्यावा. भेटीच्या वेळी ॲप पुन्हा विचारेल, तेव्हा Only this time निवडावं. ही सोय अँड्रॉइड ११ पासून आहे. एक लक्षात ठेवा : दोनदा नकार दिला की फोन ती चौकट सहसा पुन्हा दाखवत नाही, मग परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. बिघाड झाला असं समजून घाबरू नका.

पुढची मागणी फोटोंची. जुना रिपोर्ट डॉक्टरांना पाठवायचा, हे काम खरं आहे. पण त्या एका रिपोर्टसाठी नातवंडांचे, आधार कार्डाचे, पासबुकाचे सगळे फोटो खुले का करायचे? फोनमध्येच फोटो निवडण्याची एक खिडकी असते. आपण ज्या फोटोवर बोट ठेवू तेवढाच ॲपला मिळतो आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागतच नाही. एसेमेसचंही तसंच. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून ॲप सगळे मेसेज वाचायला मागतं, त्यात बँकेचे ओटीपीही आले. तो एकच मेसेज ॲपला देण्याची सोय फोनमध्ये आहे, आणि सहा आकडे आपण हातानेही टाइप करू शकतो. जवळचा दवाखाना शोधायला ठिकाण हवं असेल, तर अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे ठिकाण’ देता येतं. घराच्या दारापर्यंतचा पत्ता त्याला लागत नाही.

माझी कसोटी यातूनच आली आहे. ‘ही परवानगी धोक्याची आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, कारण तीच परवानगी एका ॲपला शोभते आणि दुसऱ्याला नाही. विचारायचं ते असं : हे काम याहून कमी घेऊन होतं का? होत असेल, तर मागणी जास्तीची आहे. आणि नकार देऊन बघावं. कॅमेरा नाकारल्यावर फक्त व्हिडिओ अडला, तर ॲप सरळ आहे. संपर्कयादी नाकारल्यावर अख्खं ॲपच पुढे सरकेना, तर ते काढून टाकावं.

संपर्कयादीबद्दल मी इतका आग्रही आहे, कारण ती नुसती आपली नसते. तिच्यातले नंबर आपल्या माणसांचे असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपांनी हीच यादी उचलली आणि हप्ता चुकताच कर्जदाराच्या मामाला, शेजाऱ्याला, ऑफिसातल्या साहेबाला फोन करून त्याची अब्रू काढली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जाच्या ॲपांना संपर्कयादी, कॉल लॉग आणि फाइलींना हात लावायला मनाई केली. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, माइक किंवा ठिकाण एकदाच, तेही स्पष्ट संमतीने घेता येतं. तेव्हा आज एखादं कर्जाचं ॲप संपर्कयादी मागत असेल, तर तेवढ्यावरूनच त्याची पारख होते.

एक परवानगी मात्र या साध्या चौकटीतून येत नाही. ॲप आपल्याला सेटिंग्जमध्ये नेतं आणि Accessibility चालू करायला सांगतं. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या ॲपांना ती लागतेच. पण ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. डॉक्टरांच्या, कर्जाच्या किंवा कुरिअरच्या ॲपला ती कधीही देऊ नये.

परवानगी दिल्यानंतरही बघता येतं. सेटिंग्जमधल्या Privacy dashboard मध्ये कोणत्या ॲपने कॅमेरा, माइक, ठिकाण किती वाजता वापरलं ते दिसतं. रात्री दोन वाजता डॉक्टरांच्या ॲपने ठिकाण घेतलेलं दिसलं, तर ती परवानगी तिथेच काढून घ्यावी. कंपनीकडे पोचलेल्या माहितीचं पुढे काय होतं, हे मात्र तो तक्ता दाखवत नाही. आपण पाठवलेला रिपोर्ट त्यांच्या सर्व्हरवर गेला की फोनमधलं कुठलंच बटण तो परत आणू शकत नाही.