परदेशी अर्जासाठी कॉलेजचे दोन दाखले

परदेशच्या विद्यापीठाकडून पत्र येते : गुणपत्रिका मिळाली, आता शिकलेल्या विषयांचा तपशील आणि शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला तुमच्या कॉलेजकडून घेऊन पाठवा. हे दोन कागद कसे असावेत, ते आज पाहू.

गुणपत्रिकेवर विषयाचे नाव आणि गुण असतात. वर्गात काय शिकवले, ते नसते. जर्मनीतल्या विद्यापीठाला मात्र पुढच्या पदवीला प्रवेश देण्यापूर्वी नेमके तेच पाहायचे असते. गणित किती झाले, कोणते भाग झाले, तास किती झाले. म्हणून अभ्यासक्रमाची पाने कॉलेजच्या सहीशिक्क्यानिशी मागवतात.

गफलत होते ती इथेच. समजा, एका मुलीने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून २०१९ साली मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली. ती शिकली २०१५ चा अभ्यासक्रम. पुढे २०१९ चा आला. कचेरीत हाताशी होता तो नवा अभ्यासक्रम कारकुनाने शिक्का मारून दिला. आता गंमत पाहा. दुसऱ्या वर्षाचा २०२०४१ हा विषय-क्रमांक दोन्हीकडे आहे. पण २०१५ मध्ये तो ‘मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस - १’चा, तर २०१९ मध्ये ‘सॉलिड मेकॅनिक्स’चा! तिकडचा तपासनीस गुणपत्रिका शेजारी ठेवून वाचतो. त्याला मेळ लागला नाही, तर तो विषय हिशेबात धरीत नाही. आणि कागद बदलून आणेपर्यंत मुदत उलटली, तर वर्ष वाया जाते. तेव्हा क्रमांक, विषयाचे नाव आणि अभ्यासक्रमाचे वर्ष, ही तिन्ही गुणपत्रिकेशी ताडून मगच शिक्का घ्यावा.

आपले क्रेडिट युरोपच्या मापात बदलून देण्याच्या भानगडीत कॉलेजने पडू नये. तिकडचे एक क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तासांचे काम. आपले क्रेडिट मुख्यतः वर्गातल्या तासांवर ठरते. आठवड्याचे तास आणि सत्राचे आठवडे लिहून द्यावेत. रूपांतर ते करून घेतील.

आता माध्यमाचा दाखला. ‘आमचे कॉलेज इंग्रजी माध्यमाचे आहे’ एवढ्याने भागत नाही. विद्यार्थ्याचे नाव, पदवी, कोणत्या साली प्रवेश घेतला, कोणत्या साली उत्तीर्ण झाला, आणि शिकवणे व परीक्षा दोन्ही इंग्रजीतूनच झाल्या, हे स्पष्ट लिहिलेले हवे. ज्याने बी. ए.च्या उत्तरपत्रिका मराठीतून लिहिल्या, त्याने असा दाखला मागू नये आणि प्राचार्यांनीही भिडेखातर देऊ नये.

बरे, खरा दाखलाही सगळीकडे चालतोच असे नाही. पुष्कळ विद्यापीठे आयईएलटीएस किंवा टोफेल या परीक्षेचे गुण मागतातच. तेव्हा प्रवेशाचे नियम आधी वाचा, आणि मग कॉलेजची पायरी चढा.