चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या मावशीसाठी तीन लशी

आज आपण बाळांच्या नाही, तर घरातल्या मोठ्या माणसांच्या लशींबद्दल बोलणार आहोत. साठी ओलांडलेल्या आणि ज्यांना कायम धाप लागते अशा आपल्या सासूबाई, आई, मावशी यांच्याबद्दल.

धाप लागणारी बाई म्हटली की आपण विचारतो, "बिडी ओढते का?" आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी बिडीला कधी हातही लावलेला नसतो. त्यांची फुप्फुसं चुलीच्या धुराने खराब झालेली असतात. अशा फुप्फुसात साधा ताप-खोकलासुद्धा खोल उतरतो. एकदा न्युमोनिया झाला की माणूस बरं होऊन घरी येतं, पण आधीइतकं चालू शकत नाही. आधी विहिरीपर्यंत जाणारी बाई मग ओट्यावर बसून राहते. म्हणून दुखणं येण्याआधीच लस घ्यायची.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आपण तिला सुमनमावशी म्हणू. वय ६६, चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली. डॉक्टरांनी नळीत फुंकायची तपासणी करून दम्यासारखा कायमचा आजार सांगितलाय, रोज पंप ओढते. पावसाळ्यात आणि थंडीत दुखणं उसळतं, मग स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागतात. हिच्यासाठी कोणती लस आधी आणि कधी?

पहिली लस इन्फ्लूएंझाची, म्हणजे फ्लूची. ही दरवर्षी घ्यावी लागते, कारण फ्लूचा विषाणू रूप बदलतो आणि लशीचा जोरही वर्षभरात ओसरतो. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि थंडीत पुन्हा डोकं वर काढतो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून सुमनमावशीने मे महिन्यात, पेरणीची धांदल सुरू होण्याआधी ती घ्यावी. खोक्यावर कोणत्या वर्षाची लस आहे ते लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीची उरलेली नाही ना, हे विचारून घ्या. "लस घेतल्यानेच ताप आला," असं बायका सांगतात. टोचायच्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस अंग कसकसतं, इतकंच. साध्या सर्दीवर मात्र ती चालत नाही. लस घेऊनही नाक वाहिलं तर लस फुकट गेली असं समजू नका.

दुसरी लस न्युमोकोकसची. न्युमोनिया करणाऱ्या जंतूंपैकी हा एक मोठा जंतू. फ्लूने फुप्फुस दुबळं झालं की तो मागोमाग शिरतो, म्हणून या दोन लशींची जोडी आहे. बाळांना ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आजीला मात्र ती बहुतेक वेळा विकत घ्यावी लागते. ही दरवर्षी घ्यायची नसते, पण इथेच गोंधळ होतो, कारण मोठ्यांसाठी हिचे वेगवेगळे प्रकार आहेत. एक तेरा प्रकारच्या जंतूंवरची आणि एक तेवीस प्रकारच्या जंतूंवरची. तेवीस हा आकडा मोठा म्हणून तीच एकटी चांगली, असं नाही. तेराची लस शरीराला जास्त पक्कं शिकवते, म्हणून ती आधी घेतात आणि तेवीसची साधारण वर्षाने. आता काही ठिकाणी वीस प्रकारांवरची लस मिळते. ती घेतली तर एका डोसात काम भागतं. कुणी आधीच तेवीसची घेतली असेल तर दुसरीसाठी वर्षभर थांबायचं असतं. म्हणून कोणती लस, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून घ्या. "न्युमोनियाची सुई दिली" एवढ्यावर पुढच्या डॉक्टरांना काही कळत नाही.

फ्लूची आणि न्युमोकोकसची लस एकाच दिवशी, दोन दंडांत घेता येते. म्हणजे तालुक्याला एकच फेरी.

तिसरी लस नागिणीची. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मणक्याजवळच्या नसेत झोपून राहतो. वय वाढलं की तो जागा होतो. ज्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या वरचेवर घ्याव्या लागतात, त्यांना धोका जास्त. आपल्याकडे म्हणतात, नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो. खरं तर नागीण बहुधा एकाच नसेच्या वाटेने जाते, म्हणून ती अंगाच्या एकाच बाजूला उठते आणि मधोमध थांबते. खरी भीती आहे ती नंतरच्या वेदनेची. पुरळ गेल्यावरही महिनोन्‌महिने आग होते, लुगड्याचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. पुरळ उठलंच तर गेरू लावत बसू नका, तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा. गोळ्यांचा उपयोग तेव्हाच जास्त होतो. डोळ्याजवळ उठलं तर त्याच दिवशी जा.

ही लस पन्नाशीनंतर घेता येते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. पहिल्या डोसानंतर दोन दिवस अंग चांगलंच दुखू शकतं, थंडी वाजते. ते घाबरण्यासारखं नाही, पण म्हणून दुसरा डोस सोडू नका. एका डोसावर पूर्ण रक्षण मिळत नाही.

आता पैशाचं बोलू. खाजगीत फ्लूची लस दोन हजारांच्या आसपास, तेराची तीन-चार हजार आणि नागिणीचा एकेक डोस दहा हजारांच्या घरात जातो. सगळं एकदम जमत नसेल तर सुमनमावशीचा क्रम असा: या मे महिन्यात फ्लू आणि तेराची, धरा सहा हजार. गटात महिन्याला पाचशे वेगळे टाकले तर वर्षात तेवढे जमतात. पुढच्या मेमध्ये पुन्हा फ्लू आणि सोबत तेवीसची. नागिणीचे डोस सोयाबीनचे पैसे आल्यावर, पहिला दिवाळीनंतर आणि दुसरा माघात. पण खिशात हात घालण्याआधी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, फ्लूची लस तिथे आहे का.

एक गोष्ट मात्र सांभाळा. या लशी थंड ठेवाव्या लागतात, पण गोठवायच्या नाहीत. औषधाच्या दुकानातून घेऊन पिशवीत घालून एसटीने आणलेली किंवा बर्फाला चिकटवून आणलेली लस बिघडलेली असू शकते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जिथे फ्रिज आहे तिथेच टोचून घ्या आणि अर्धा तास तिथेच बसा. अंगात ताप असेल किंवा धाप उसळली असेल तर ती ओसरू द्या. आधी कोणत्या लशीने चेहरा सुजला असेल किंवा श्वास कोंडला असेल तर टोचण्याआधी सांगा.

लस घेतली तरी पंप सुरूच ठेवायचा. न्युमोनिया इतर जंतूंनीही होतो, म्हणून लक्षही ठेवायचं. म्हाताऱ्या माणसाला न्युमोनियात ताप येईलच असं नाही. बेडका पिवळा-हिरवा झाला, जेवण सुटलं, माणूस असंबद्ध बोलू लागलं, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीत एक पान आखू या: घरातल्या मोठ्या माणसाचं नाव, वय, आजार, आणि कोणती लस कधी घेतली. रिकामा रकाना दिसला की पुढची फेरी कुणाची ते आपल्याला कळेल.