ऑफर आल्यानंतरचे चार दिवस

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा लिखित मजकूर)



आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की 'पोरीला/पोराला अमुक कंपनीची ऑफर आलीय, घ्यावी का?' सोबत पत्राचा फोटो असतो आणि त्यातल्या एकाच आकड्याभोवती लाल गोल केलेला असतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदमच सांगते. संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत, त्यात एकच गोष्ट नीट होईल.

आपल्यातल्याच एकीच्या भाचीची ही गोष्ट. तिची परवानगी घेतली आहे, पण नाव सांगणार नाही. पुण्यात नोकरी, सहा वर्षांचा अनुभव, बॅकएंडचं काम. तिला सीटीसी होतं अठरा लाख आणि नवीन ऑफर आली चोवीस लाखांची. घरी पेढे वाटून झाले होते. एचआरच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, 'शुक्रवारपर्यंत कळवा.' तो दिवस सोमवार होता. ती मला म्हणाली, "मावशी, तेहेतीस टक्के वाढ आहे, विचारायचं काय त्यात?"

मी म्हटलं, पत्राला जोडलेला तक्ता काढ. आपले गणिताचे सर समोरच बसले आहेत. ते म्हणायचे की आधी 'कशाचे शेकडा' ते लिहा, मग शेकडेवारी काढा. तेच केलं.

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च, तुमचा पगार नव्हे. तिच्या चोवीस लाखांत जॉइनिंग बोनस होता २ लाख, जो पहिल्या वर्षी एकदाच मिळणार. व्हेरिएबल २ लाख ४० हजार, म्हणजे कंपनीचं आणि तिचं वर्ष चांगलं गेलं तर. कंपनीने भरायचा पीएफ १ लाख ८ हजार. हे पैसे तिचेच, पण दरमहा हातात येणारे नव्हेत. ग्रॅच्युइटी सुमारे ४३ हजार, जी साधारणपणे सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मिळत नाही. आरोग्यविम्याचा हप्ता २५ हजार. हे सगळं वजा केलं की उरतात १७ लाख ८४ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १ लाख ४८ हजार ६००. तिचा स्वतःचा पीएफ आणि आयकर त्यातूनच जाणार.

मग जुन्या नोकरीचं गणित तसंच मांडलं. तिथे जॉइनिंग बोनस नव्हता आणि व्हेरिएबल फक्त ६० हजार होतं, म्हणून अठरा लाखांतले जवळजवळ सोळा लाख पगार म्हणून येत होते. महिन्याला १ लाख ३३ हजार २००. म्हणजे खरी वाढ साडेअकरा टक्के. तेहेतीस नव्हे. दुसऱ्या वर्षी जॉइनिंग बोनस गळून चोवीसचे बावीस होणार ते वेगळंच.

ती गप्प झाली. नंतर रागावली आणि म्हणाली, 'ही फसवणूक आहे.' फसवणूक नाही, सगळं पत्रात लिहिलेलं होतं. वाचायची सवय नाही, एवढंच.

आता मागायचं कसं? इथे समोरच्या माणसाचं काम समजून घ्यावं लागतं. एचआरच्या बाई स्वतःच्या खिशातून देत नसतात. प्रत्येक पदाला कंपनीत एक पायरी असते आणि त्या पायरीला पगाराचा पट्टा असतो, कमीत कमी इतका ते जास्तीत जास्त इतका. पट्ट्याच्या आत वर सरकायचं तर बाई एका मंजुरीत करू शकतात. पट्ट्याच्या बाहेर जायचं तर पायरीच बदलावी लागते आणि ते मुलाखत घेणाऱ्यांच्या शेऱ्यावर असतं. म्हणून पहिला प्रश्न 'आणखी किती द्याल?' हा नाही. पहिला प्रश्न असा, की मला कोणत्या पायरीवर घेत आहात आणि त्या पट्ट्यात मी कुठे बसते? काही कंपन्या आकडा सांगत नाहीत, पण 'मधल्या भागात' एवढं तरी बहुतेक सांगतात. तिला तेच उत्तर मिळालं. याचा अर्थ वर जागा होती.

दुसरी गोष्ट, एकदाच द्यायचे पैसे कंपनीला सोपे जातात आणि दर महिन्याचे अवघड. कारण दर महिन्याचा पगार वाढवला की शेजारी बसणाऱ्या जुन्या माणसाशी तुलना होते आणि पुढची प्रत्येक वाढ त्या मोठ्या आकड्यावर मोजली जाते. म्हणूनच तुम्ही थोडे अडून बसलात की लगेच जॉइनिंग बोनस पुढे करतात. तो घेताना त्याखालची बारीक ओळ वाचा. बारा महिन्यांच्या आत सोडलं तर परत करायचा असतो आणि पुष्कळदा करापूर्वीची पूर्ण रक्कम मागतात, तुमच्या हातात मात्र कर कापून आलेली असते.

तिने मंगळवारी ईमेल लिहिला, आम्ही दोघींनी मिळून. पाचच वाक्यं होती. मला यायचं आहे. आत्ताचा निश्चित पगार एवढा, तुमचा एवढा, फरक साडेअकरा टक्के. जॉइनिंग बोनस निम्मा केला तरी चालेल. निश्चित पगार महिन्याला १ लाख ६५ हजार करावा. तो झाला तर मी त्याच दिवशी होकार देईन. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मंजुरी मागायला जाताना एचआरला 'एवढं दिलं की ती नक्की येणार' हे वर सांगता यावं लागतं. आपल्याकडे नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडमुळे लोक एक ऑफर खिशात ठेवून तीन महिने दुसऱ्या शोधत फिरतात, त्यामुळे कंपन्या या बाबतीत पोळलेल्या आहेत.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम केली नाही. तिच्या एका मित्राने सल्ला दिला होता, 'दुसरीकडून सव्वीसची ऑफर आहे असं ठोकून दे.' ते पत्र दाखवा म्हणाले तर? आताचा पगारही वाढवून सांगू नये. पुढे पार्श्वभूमी तपासताना पगाराच्या पावत्या आणि फॉर्म १६ मागतात, आणि आकडा जुळला नाही तर आलेली ऑफरही जाते.

पैशांचं इथेच थांबवते, कारण माझ्या मते त्याहून मोठी चूक दुसरीच असते, आणि ती मी स्वतः केली आहे.

माझ्या दुसऱ्या नोकरीत पगार चांगला वाढला होता. मुलाखतीत मला जावाच्या नव्या आवृत्तीवरचे प्रश्न विचारले, मी खूश. रुजू झाल्यावर कळलं की माझी टीम दहा वर्षं जुनी प्रणाली जिवंत ठेवण्याचं काम करते. नवं काही लिहायचं नाही, अमेरिकेतल्या ग्राहकाची तक्रार रात्री आली की उठायचं. चौघांची टीम, म्हणजे दर चौथा आठवडा फोन उशाशी. माझ्या आधीची तीन माणसं वर्षभरात सोडून गेली होती. माझी जागा त्यामुळेच रिकामी होती. कोणी खोटं बोललं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दीड वर्ष काढलं तिथे, आणि त्यानंतरच्या मुलाखतींत 'अलीकडे काय बांधलंत?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. ते भरून काढायला मला पगारवाढीपेक्षा जास्त किंमत मोजावी लागली.

म्हणून भाचीला सांगितलं, होकार देण्याआधी मॅनेजरशी अर्धा तास बोलायला माग. एचआरशी नव्हे, जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या माणसाशी. मुलाखतीत हे प्रश्न विचारायला जीव कचरतो. ऑफर आल्यावर ते तुम्हाला निवडून बसलेले असतात, तेव्हा वेळ देतात. नकार दिला तर तेही एक उत्तरच.

आणि प्रश्न असे विचारायचे की ज्यांचं उत्तर घडलेल्या गोष्टीतूनच द्यावं लागेल. 'टीम कशी आहे?' म्हटलं की 'छान, घरच्यासारखी' असं येतं. त्याऐवजी विचारायचं, ही जागा का निघाली, वाढवली की कोणी गेलं? 'कोणतं तंत्रज्ञान वापरता?' म्हटलं की यादी येते आणि यादीत सगळंच असतं. त्याऐवजी, गेल्या आठवड्यात टीममधल्या लोकांनी नेमकं कशावर काम केलं? लिहिलेला कोड ग्राहकापर्यंत जायला किती दिवस लागतात? एक दिवस म्हणाले तर चाचण्या आणि यंत्रणा बऱ्यापैकी जागेवर आहेत असं समजायचं. दीड महिना म्हणाले तर विचारायचं, मधे काय अडतं? आणि 'प्रगतीला वाव आहे का?' हे तर विचारूच नका. विचारा, या टीममधून वरच्या पायरीवर शेवटचं कोण गेलं, त्यांना किती वर्षं लागली, कशामुळे मिळालं? मॅनेजरला एकही नाव आठवलं नाही, तर समजून जायचं.

बुधवारी तिचं बोलणं झालं. मॅनेजर सरळ माणूस निघाला. म्हणाला, दोघं गेले आहेत, त्यातला एक परदेशी शिकायला आणि एक कंटाळून. सध्या तिघंच असल्यामुळे रात्रीची पाळी दर तिसऱ्या आठवड्याला येते, तुझ्यासकट आणखी दोन जागा भरतोय. पैसे देण्याघेण्याचा मुख्य भाग जुन्याच कोडवर चालतो, तो तुकड्यातुकड्याने नव्यावर न्यायचं काम दोन महिन्यांपूर्वी सुरू झालंय आणि त्यातला एक तुकडा तुझा. वरच्या पायरीवर गेल्या वर्षी एक मुलगी गेली, अडीच वर्षांत. त्याने तिच्याशी थेट बोलायलाही सांगितलं. भाचीने तिला फोन केला, तीही तेच म्हणाली, फक्त 'पहिले सहा महिने झोपेचं खोबरं होईल' एवढं जास्तीचं सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी एचआरचं उत्तर आलं. महिन्याला १ लाख ६० हजार, जॉइनिंग बोनस १ लाख, व्हेरिएबल होतं तेवढंच. सीटीसी जेमतेम साडेचोवीस झालं, पेढे वाटलेल्या आकड्यापेक्षा अर्धा लाख जास्त. पण दरमहाची वाढ साडेअकरावरून वीस टक्क्यांवर गेली. रात्रपाळीबद्दल पत्रात काही घालायला त्यांनी नकार दिला. मग तिने मॅनेजरला ईमेल करून 'आपलं असं बोलणं झालं, बरोबर आहे ना?' असं विचारलं, आणि त्याने 'हो' लिहिलं. कायद्याने त्याला फार किंमत नसेल, पण सहा महिन्यांनी विषय काढायला धागा राहतो.

नवं, सुधारलेलं पत्र सहीशिक्क्यानिशी हातात येईपर्यंत तिने जुन्या नोकरीचा राजीनामा दिला नाही. फोनवरच्या 'झालंच समजा'वर राजीनामा देऊन बसलेली दोन मुलं माझ्या ओळखीत आहेत.

आता ती तिथे आठ महिने आहे. टीम पाचाची झाली, म्हणजे पाळी दर पाचव्या आठवड्याला. सहावा माणूस अजून मिळालेला नाही. कोणाच्या घरी बॅकएंडचं काम येणारं कोणी असेल, तर जेवणाच्या वेळी मला गाठा. येताना तक्ता घेऊन या, फोटो नको.